गाडीची आयडीव्ही एका वर्षात सव्वा लाखाने कशी घसरली?

*भाऊ, नमस्कार. नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीची पेट्रोल गाडी घेतली. एक्स-शोरूम किंमत ७,६०,००० होती. पहिल्या पॉलिसीत आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, ७,२२,००० होती, नंतर ६,२०,०००, मागच्या वर्षी ५,६०,०००, आणि या नोव्हेंबरच्या रिन्यूअलला एकदम ४,३९,२००! वर प्रीमियम ४,७४४ वरून ७,२५६ वर गेला. एजंट म्हणतात, सिस्टिममध्येच तसं येतं. गाडी जेमतेम एकवीस हजार किलोमीटर चालली आहे, एक ओरखडा नाही, आजवर एकही क्लेम घेतलेला नाही. बँकेचं साडेतीन लाख कर्ज अजून बाकी आहे. ही फसवणूक तर नाही ना? आयडीव्ही वाढवून मागता येते का? — एक वाचक, मनीषनगर, नागपूर*

ताई, फसवणूक झालेली नाही. पण "सिस्टिममध्ये तसं येतं" हेही काही उत्तर नव्हे. तुमचे चारही आकडे मी कागदावर मांडून पाहिले आणि चारही जुळले. तुमच्या एजंटनेही दहा मिनिटं काढून ते जुळवून दाखवायला हवे होते.

आधी एक छोटं गणित स्वतः करून पाहा. ४,३९,२०० ला ०.६० ने भागा. उत्तर ७,३२,००० येतं. मागच्या वर्षीच्या ५,६०,००० ला ०.७० ने भागलं तर ८,००,००० येतात. त्याआधीच्या ६,२०,००० ला ०.८० ने भागा, ७,७५,००० येतील. आणि पहिल्या वर्षीच्या ७,२२,००० ला ०.९५ ने भागलं की तुमची स्वतःची खरेदीची किंमत, ७,६०,०००, हातात येते. तुमची सगळी तक्रार आणि तिचं उत्तर या चार भागाकारांत आहे.

आयडीव्ही दोन गोष्टींनी ठरते. पहिली गोष्ट म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या, तुमच्याच व्हेरिएंटच्या नव्या कोऱ्या गाडीची, ती बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलेली विक्री किंमत. ही किंमत तुम्ही गाडी घेतली त्या दिवसाची नसते, पॉलिसी सुरू होते त्या दिवसाची असते. दुसरी गोष्ट म्हणजे त्या किमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे वजा होणारा घसारा. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५, एक ते दोन वर्षं २०, दोन ते तीन ३०, तीन ते चार ४० आणि चार ते पाच वर्षांना ५० टक्के. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो. तिथून पुढे आणि बंद पडलेल्या मॉडेलसाठी विमा कंपनी आणि गाडीमालक यांनी आपसात बोलून किंमत ठरवायची असते.

हा तक्ता १ जुलै २००२ पासूनच्या मोटार टॅरिफमधला, म्हणजे सगळ्या विमा कंपन्यांना बंधनकारक असलेल्या दरपत्रकातला आहे. जानेवारी २००७ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दर ठरवायला कंपन्यांना मोकळीक मिळाली, तरी आयडीव्हीची ही व्याख्या पॉलिसीच्या अटींमध्ये तशीच राहिली. तुमच्या पॉलिसीच्या कागदात ती बारीक अक्षरात छापलेली सापडेल.

या तक्त्याला किलोमीटर कळत नाहीत आणि ओरखडेही दिसत नाहीत, म्हणून तुम्हाला तो अन्यायकारक वाटणं मी समजू शकतो. धंतोलीत रोज दवाखान्यापर्यंत जाऊन परत येणारी गाडी आणि अमरावती रोडवर टॅक्सीसारखी पळणारी गाडी, दोघींना घसारा सारखाच. तरी हा तक्ता आला ते चांगलं झालं असं माझं मत आहे, कारण त्याआधीची परिस्थिती मला ठाऊक आहे. तेव्हा मालक पॉलिसीत एक अंदाजी किंमत लिहायचा. गाडी चोरीला गेली की कंपनी त्या दिवसाचा बाजारभाव काढायची आणि दोन्हींतला जो आकडा कमी असेल तो द्यायची. प्रीमियम मोठ्या आकड्यावर भरायचा आणि पैसे लहान आकड्याने घ्यायचे. प्रत्येक चोरीच्या क्लेममागे भांडण ठरलेलं. आता पॉलिसीवर छापलेली आयडीव्ही हाच त्या वर्षभराचा बाजारभाव धरला जातो आणि वर्षाच्या मधे त्यातून पुन्हा घसारा कापला जात नाही. गाडी अकराव्या महिन्यात चोरीला गेली तरी आकडा तोच. म्हणूनच रिन्यूअलच्या दिवशी तो आकडा नीट पाहणं गरजेचं आहे. नंतर वर्षभर तो बदलत नाही.

आता तुमच्या सव्वा लाखाकडे येतो. अचूक सांगायचं तर घट १,२०,८०० ची आहे आणि ती दोन वेगवेगळ्या कारणांनी झाली आहे.

पहिलं कारण नेहमीचं. गाडीला तीन वर्षं झाली, म्हणून ती ३० टक्क्यांच्या घरातून ४० टक्क्यांच्या घरात गेली. नव्या गाडीची किंमत मागच्या वर्षीएवढीच, म्हणजे ८,००,०००, राहिली असती तर आयडीव्ही ४,८०,००० आली असती. म्हणजे वयामुळे गेले ८०,०००.

मग मागच्या वर्षी घट फक्त ६०,००० ची का होती? तेव्हाही गाडी एक घर खाली उतरलीच होती. पण मधल्या काळात नव्या गाडीची किंमत ७,७५,००० वरून ८,००,००० झाली होती आणि त्या वाढीने घसाऱ्याचा काही भाग भरून काढला. गाड्यांच्या किमती दर जानेवारीत थोड्या थोड्या वाढत जातात याची आपल्याला सवय झाली आहे. त्या वाढीचा फायदा जुन्या गाडीच्या आयडीव्हीलाही मिळत असतो, पण तो कोणाच्या लक्षात येत नाही.

या वर्षी उलट घडलं, आणि तेच तुमच्या घटीचं दुसरं कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी उतरला. बाराशे सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस असे एकूण २९ टक्के होते, ते १८ झाले. ८,००,००० रुपयांच्या गाडीतून आधी २९ टक्के कर बाजूला काढा, मूळ किंमत साधारण ६,२०,००० राहते. तिच्यावर १८ टक्के लावले की ७,३२,००० च्या आसपास आकडा येतो. नवी गाडी ६८,००० ने स्वस्त झाली. तुमची आयडीव्ही त्या किमतीच्या ६० टक्के असल्यामुळे ६८,००० चे ६० टक्के, म्हणजे ४०,८००, तुमच्या आयडीव्हीतून कमी झाले. ८०,००० अधिक ४०,८००, झाले १,२०,८००.

दिवाळीच्या आधी गाड्यांच्या शोरूमबाहेर रांगा लागल्या, नवी गाडी घेणारे खूश झाले. त्याच मॉडेलची जुनी गाडी ज्यांच्या दारात उभी होती त्यांना मात्र या कपातीची खबर रिन्यूअलच्या नोटिशीतूनच लागली. तुमच्यासारखे फोन मला गेल्या दीड महिन्यात बरेच आले.

आणखी एक बाब इथेच सांगून टाकतो. तक्त्यात दर वर्षी दहा टक्के कमी होताना दिसतात, पण ते नव्या गाडीच्या किमतीचे दहा टक्के असतात. तुमच्या हातात जे उरलं आहे त्याच्या तुलनेत घट दर वर्षी मोठी होत जाते. ८० वरून ७० वर येताना हातातल्यातले साडेबारा टक्के जातात, ७० वरून ६० वर येताना सव्वाचौदा आणि ६० वरून ५० वर येताना साडेसोळाच्या वर. पुढच्या नोव्हेंबरला हे पुन्हा होईल, तेव्हा दचकू नका.

प्रीमियम वाढला त्याचा आयडीव्हीशी काही संबंध नाही. नवी गाडी घेताना तुम्ही थर्ड पार्टीचा विमा तीन वर्षांचा एकदम भरला होता, तो भरावाच लागतो. म्हणून गेली दोन रिन्यूअल तुम्ही फक्त गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात त्याचा, हप्ता भरलात. ती तीन वर्षं आता संपली. हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी गाडीला सरकारने ठरवलेला थर्ड पार्टीचा दर वर्षाला ३,४१६ रुपये आहे आणि त्याला आयडीव्हीशी काही देणंघेणं नाही. हे ३,४१६ आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी बाजूला काढलात तर ओन डॅमेजचा तुमचा हप्ता जीएसटी धरून ४,७४४ वरून ३,२२५ वर आलेला दिसेल. आयडीव्ही उतरली आणि क्लेम नसल्यामुळे नो क्लेम बोनस २५ वरून ३५ टक्के झाला, दोन्हींचा फायदा तुम्हाला मिळाला आहे.

मग ४,३९,२०० हा आकडा तसाच राहू द्यायचा का? माझा सल्ला आहे की राहू देऊ नका, पण भावनेच्या भरात वाढवूही नका. आयडीव्ही नेमकी कधी कामाला येते ते आधी पाहा. गाडी चोरीला गेली आणि सापडली नाही तेव्हा, आणि गाडीचं इतकं नुकसान झालं की ती टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरावी लागते तेव्हा. या दोनच वेळा. सक्करदऱ्याच्या चौकात कुणी मागून ठोकलं आणि बंपर बदलावा लागला, तर त्या क्लेममध्ये आयडीव्ही येत नाही. तिथे सुट्या भागांचा घसारा लागतो आणि त्याचा तक्ता वेगळा आहे. प्लॅस्टिक-रबराला ५० टक्के कापतात, काचेला काहीच नाही, आणि तुमच्या गाडीच्या वयाला पत्र्याच्या भागांवर २५ टक्के. झिरो डेप नावाचं जादा कव्हर घेतलं असेल तर हे कापणं वाचतं, पण टोटल लॉसला झिरो डेप उपयोगी पडत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. "झिरो डेप आहे ना, मग नव्या गाडीची किंमत मिळेल" असं म्हणणारी चांगली शिकलेली माणसं मला भेटली आहेत. नव्या गाडीच्या बिलाइतकी किंमत हवी असेल तर रिटर्न टू इन्व्हॉइस नावाचं वेगळं कव्हर असतं, आणि ते बहुतेक ठिकाणी गाडी नवी असतानाच्या पहिल्या काही वर्षांतच मिळतं. तुमच्या गाडीला अजून देतात का ते एजंटला विचारून घ्या, पण त्यावर विसंबू नका.

तुमच्या बाबतीत कर्जाचा मुद्दा मोठा आहे. देव न करो, पण गाडी चोरीला गेली तर ४,३९,२०० मधून अनिवार्य वजावटीचे १,००० जातील, ४,३८,२०० उरतील. गाडी बँकेकडे तारण आहे, म्हणून पैसे आधी बँकेकडे जातात. बँक आपले ३,५०,००० घेईल आणि तुमच्या हातात ८८,२०० येतील. तेवढ्यात नव्या गाडीचं डाउन पेमेंटही नीट होत नाही. शिवाय गाडी घेताना भरलेला रोड टॅक्स आयडीव्हीत कधीच नसतो. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के होता, म्हणजे तुमचे ८३,६०० रुपये. ते आरटीओत गेले, विम्यात त्यांची मोजदाद नाही. शोरूमने दिलेली सूटही आयडीव्हीच्या हिशेबात येत नाही. आधार फक्त जाहीर किमतीचा.

आयडीव्ही गरजेपेक्षा कमी ठेवली तर काय होतं, ते मी २०२३ मध्ये जवळून पाहिलं. २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि तळमजल्यावरच्या पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. मी सर्व्हेअर म्हणून त्या आठवड्यात सकाळपासून रात्रीपर्यंत गाड्याच पाहत होतो. सीटच्या फोममधून पाणी निथळत होतं, डॅशबोर्डखाली चिखलाचा थर, वायरिंगच्या प्रत्येक जोडात माती. त्यातली एक गाडी मला विसरता येत नाही. सुस्थितीतली, चार वर्षांची, बाजारात साडेचार लाखांना सहज गेली असती अशी. मालकांनी रिन्यूअल करताना मोबाइलवर चार-पाच कंपन्यांचे दर पाहिले होते आणि सर्वांत स्वस्त दिसलेला घेतला होता. तो स्वस्त का होता ते त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या पॉलिसीत आयडीव्ही ३,६०,००० धरलेली होती. वाचले होते पाच-सहाशे रुपये.

नियम असा आहे की गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर गाडी टोटल लॉस धरायची. ३,६०,००० चे ७५ टक्के २,७०,००० होतात. त्या गाडीचं इस्टिमेट २,९२,००० आलं. गाडी टोटल लॉसमध्ये गेली. मालकांना ३,६०,००० च्या हिशेबाने पैसे मिळाले आणि साडेचार लाखांची गाडी हातातून गेली. आयडीव्ही ४,५०,००० असती तर ७५ टक्क्यांची रेषा ३,३७,५०० वर असती, गाडी दुरुस्त झाली असती आणि आजही त्यांच्या दारात असती. कमी आयडीव्ही दोन्हीकडून मारते. एक तर पैसे कमी मिळतात, आणि थोड्याशा नुकसानीतच गाडी टोटल लॉसच्या रेषेपलीकडे जाते. ते गृहस्थ माझ्याशी भांडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "हे मला कोणी सांगितलं का नाही?" तेव्हापासून मी हे भेटेल त्याला सांगत असतो.

तर आता तुमचा आकडा. सगळ्यात आधी एजंटला विचारा की नव्या गाडीची किंमत कोणत्या व्हेरिएंटची धरली आहे. ७,३२,००० हा तुमच्याच व्हेरिएंटचा आजचा नागपूरचा एक्स-शोरूम भाव आहे का, हे वर्धा रोडवरच्या शोरूमला फोन करून किंवा गाडीच्या कंपनीच्या साइटवर पाहून पडताळा. इथे चूक होते आणि ती सहज दिसत नाही. एकाच मॉडेलचे सात-आठ व्हेरिएंट असतात, नावाच्या शेवटी दोन-तीन अक्षरांचा फरक असतो आणि पॉलिसी भरणारा घाईत वरचा किंवा खालचा निवडून जातो. मग वरच्या व्हेरिएंटच्या गाडीला साध्या व्हेरिएंटची आयडीव्ही लागते आणि तीन-तीन वर्षं कोणाच्याच लक्षात येत नाही. तुमच्या आरसीवरचं नाव आणि पॉलिसीवरचं नाव अक्षर-अक्षर जुळवा. बाहेरून काही बसवलं असेल, सीएनजी किट किंवा महागडी म्युझिक सिस्टिम, तर तिची किंमत आयडीव्हीत आपोआप येत नाही. ती वेगळी नोंदवावी लागते.

व्हेरिएंट बरोबर निघाला तर पुढचा प्रश्न वयाच्या घराचा. तक्त्यातले शब्द "तीन वर्षांपेक्षा जास्त आणि चार वर्षांपर्यंत" असे आहेत. पॉलिसी जर बरोबर गाडीच्या तिसऱ्या वाढदिवशी सुरू होत असेल, तर त्या दिवशी गाडी तीन वर्षांची झालेली असते, तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. तुमच्या आकड्यांवरून दिसतं की कंपनीने दर वर्षी पुढचं घर धरलं आहे. मागचं घर धरलं तर ७,३२,००० चे ७० टक्के, ५,१२,४०० होतात. कंपनी ते मान्य करेलच असं नाही, पण तारखा तशा असतील तर प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि विचारायला पैसे लागत नाहीत.

ते मानलं नाही, तरी बहुतेक कंपन्या त्यांच्या सिस्टिमने काढलेल्या आकड्याच्या थोडं वर आणि थोडं खाली जायची मुभा देतात. किती, ते प्रत्येक कंपनीचं वेगळं. या मुभेत किती वर जायचं हे बाजाराला विचारा. तुमच्याच वर्षाच्या, तुमच्याच व्हेरिएंटच्या, एमएच ३१ किंवा एमएच ४९ च्या तीन गाड्या सध्या कितीला विकायला आहेत ते पाहा आणि जुन्या गाड्यांच्या एखाद्या डीलरकडून तुमच्या गाडीचा भाव काढून घ्या. जाहिरातीतल्या किमतीपेक्षा डीलर जे प्रत्यक्ष द्यायला तयार आहे, त्या आकड्याजवळ थांबा. जुन्या गाड्यांचे भावही सप्टेंबरनंतर उतरले आहेत हे ध्यानात असू द्या. नवी गाडी ६८,००० ने स्वस्त मिळत असताना जुनीला कोण आधीचा भाव देणार? म्हणून मागच्या वर्षीचे ५,६०,००० परत मिळवण्याच्या मागे लागू नका. तो आकडा आज बाजारातही नाही.

समजा डीलर ४,८५,००० म्हणाला आणि कंपनी दहा टक्के वर जायला तयार झाली. आयडीव्ही ४,८३,००० करून घ्या. खर्च किती वाढेल तेही काढून ठेवलं आहे. तुमच्या आकड्यांवरून सूट वजा जाता कंपनीचा दर हजारी साडेनऊ रुपयांच्या जरा वर पडतो. ४३,८०० रुपये वाढीव आयडीव्हीवर तो साधारण ४१९ होतो, ३५ टक्के बोनस वजा केला की २७२, आणि जीएसटी धरून ३२२. वर्षाला सव्वातीनशे रुपयांत चोरीच्या वेळी ४३,८०० जास्त मिळतात. बँकेचे पैसे फिटल्यावर तुमच्या हातात ८८,२०० ऐवजी १,३२,००० येतील, आणि टोटल लॉसची रेषा ३,२९,४०० वरून ३,६२,२५० वर सरकेल. बाजारभावाच्या पुढे मात्र जाऊ नका. त्यातून प्रीमियम वाढण्यापलीकडे रोजच्या उपयोगाचं काही हाती लागत नाही, आणि अशी पॉलिसी पाहून चोरीच्या क्लेममध्ये चौकशी करणारा माणूस आधी तुमच्याकडेच संशयाने पाहतो.

फोनवर बोलू नका, लिहून पाठवा. एजंटला व्हॉट्सअॅपवर एवढंच लिहा: "माझ्या गाडीसाठी नव्या गाडीची कोणती किंमत आणि कोणता व्हेरिएंट धरला, घसारा किती टक्के लावला, आणि आयडीव्ही जास्तीत जास्त किती करता येईल, हे कळवा. कळल्याशिवाय पैसे भरत नाही." उत्तर आलं की ते जपून ठेवा. मात्र पॉलिसीची तारीख चुकवू नका. या वेळी थर्ड पार्टीही त्याच दिवशी संपते आहे. आकड्यावरची बोलणी तारखेच्या चार दिवस आधी संपली पाहिजेत आणि पैसे भरण्याआधी नव्या कोटेशनवर बदललेली आयडीव्ही छापून आलेली दिसली पाहिजे. तोंडी "करून देतो" हे क्लेमच्या दिवशी कामाला येत नाही.

पुढच्या वर्षी घसारा ५० टक्क्यांवर जाईल. त्यानंतरच्या वर्षी गाडीला पाच वर्षं होतील आणि तक्ता संपेल. तेव्हा किंमत बोलूनच ठरेल. त्यासाठी आत्तापासून गाडीची प्रत्येक सर्व्हिस पावती एका फायलीत लावत जा. तक्त्याला दिसत नाही ते, म्हणजे एकवीस हजार किलोमीटर आणि एकही क्लेम नसलेली गाडी, त्या दिवशी कागदावर दाखवता येईल.